भावाला ‘नाही’ म्हणताना

पैसे मागायचा फोन कधीच पैशांपासून सुरू होत नाही. “ताई, जेवलीस का? दाजी आले का कामावरून?” असं दोन मिनिटं चालतं. मग जरा थांबून “तुझ्याकडे एक काम होतं” येतं. पुढचं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, एक तारखेला माझं पेमेंट येतंय, आलं की पहिले तुझे देतो. आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून, “दाजींना एवढ्यात सांगू नकोस.”

भाऊ वाईट नसतो. बऱ्याचदा तो घरातला सगळ्यात लाघवी माणूस असतो, भाच्यांचा लाडका असतो, आईला दवाखान्यात तोच नेतो. म्हणून तर नाही म्हणणं जड जातं. आणि म्हणूनच हा विषय “सरळ नकार द्या” इतक्यावर सुटत नाही. ज्याच्याशी संबंध ठेवायचाच नाही, त्याला नकार देणं सोपं असतं. इथे नकारही द्यायचा आहे आणि भाऊबीजेला त्याला ओवाळायचंही आहे.

हिशेब समजावा म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. ते कुठल्या एका घराचं वर्णन नाही, अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी जोडून रचलेलं आहे. बहीण नाशिकला परिचारिका, हातात पगार 52 हजार. घराचा हप्ता 19 हजार, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, किराणा, पेट्रोल हे सगळं जाऊन महिन्याला सहा-सात हजार उरतात. धाकट्या भावाचं निफाडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याने आधी दुकानाच्या डिपॉझिटसाठी 40 हजार नेले. मग लॉकडाऊनमध्ये थकलेल्या भाड्यासाठी 25 हजार, मुलीच्या फीसाठी 18 हजार, गाडीच्या तुंबलेल्या हप्त्यांसाठी 12 हजार आणि दिवाळीच्या मालासाठी 15 हजार. एकूण 1 लाख 10 हजार. परत आले एकदाच, 5 हजार, तेही तिने मुलाच्या ॲडमिशनसाठी मागितले तेव्हा. हे आकडे तिने कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण तिला ते तोंडपाठ आहेत. भावाला विचारलं तर तो मनापासून सांगेल, “ताईचे साठ-सत्तर हजार असतील.” दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. देणाऱ्याला रक्कम आठवते आणि घेणाऱ्याला त्या वेळची अडचण आठवते.

नातं कुठे कुरतडलं जातं, हे या घरात नीट दिसतं. पैसे अडकल्यापासून भाऊ नाशिकला आला तरी बहिणीकडे उतरत नाही. तिने सहज फोन केला तरी तो उचलत नाही, कारण त्याला वाटतं, आता पैसे मागणार. ती त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो बघते आणि तिची नजर केकवर, हॉलवर, नव्या कपड्यांवर जाते. इतक्यात तिने एकदाही नकार दिलेला नाही. तरी दोघं एकमेकांपासून लांब गेलेत. नकाराने नातं तुटेल या भीतीने आपण देत राहतो, आणि नातं झिजत असतं ते न फिटलेल्या उसनवारीने.

बहिणींच्या बाबतीत या भीतीला आणखी एक पदर आहे आणि तो उघड बोलला जात नाही. आईवडील थकले किंवा गेले की माहेर म्हणजे भावाचं घर. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने दिला, तरी भावाशी वाकडं नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही गावोगाव आहेत. हातउसने देत राहणं हे बऱ्याचदा त्याच सहीचं लहान रूप असतं. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून भरलेली ती किंमत असते. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की निदान कळतं, आपण भावाच्या गरजेला पैसे देतोय की स्वतःच्या भीतीला.

आता त्या फोनवर बहीण काय म्हणते ते ऐका. “बघते.” मराठी घरांत ‘बघते’चा अर्थ होकार असाच घेतला जातो. किंवा ती म्हणते, “आत्ता नाहीत रे.” त्यावर लगेच येतं, “मग दहा तारखेला?” किंवा “यांना विचारते.” मग दाजी खलनायक होतात आणि मेहुण्या-मेहुण्यांत कायमची अढी बसते. मग आणखी दोन फोन होतात, मधे आईचा एक फोन येतो, आणि चौथ्या दिवशी ती वीस मागितले तिथे पंधरा पाठवते.

हे चौथ्या दिवशीचं पंधरा हजार सगळ्यात महाग पडतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण कधी मिळतो, कधी नाही, कधी दहाव्यांदा मिळतो, अशी सवय लागली असेल, तर दाणा बंद केला तरी तो कितीतरी जास्त वेळ कळ दाबत राहतो. माणूस काही कबुतर नाही, पण मागण्याच्या सवयीला हा नियम लागू पडतो. तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा दिलं की भाऊ शिकतो ते इतकंच: ताईचं नाही म्हणजे अजून तीन फोन. त्यामुळे द्यायचंच असेल तर पहिल्या फोनला द्यावं. नसेल द्यायचं तर शंभराव्या फोनलाही देऊ नये. मधलं काही करू नये.

म्हणजे हा निर्णय फोन यायच्या आधी झालेला हवा. नवरा-बायकोने, किंवा एकटं असाल तर तुम्ही स्वतः, शांतपणे बसून एक आकडा ठरवायचा: वर्षभरात भावाला आपण किती रक्कम अशी देऊ शकतो, की जी परत आली नाही तरी आपल्या घरचं काही अडणार नाही आणि मनात सलही राहणार नाही? नाशिकच्या बहिणीसाठी हा आकडा 12 हजार धरू. ही रक्कम उसनी नाही, ती मदत. देताना तसंच सांगायचं, “हे परत करू नकोस.” 12 हजारांवर एक रुपयाही नाही, आणि उसने म्हणून तर काहीच नाही. ज्याच्या घरात उरतच नाही, त्याचा आकडा शून्य असू शकतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्याआधी जुनं खातं मिटवावं लागतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. मागचे 1 लाख 5 हजार तसेच लोंबकळत असतील, तर नवा नकार भावाला सूड वाटतो. “मागचे दिले नाहीत म्हणून आज ताईने अडवलं,” असंच तो बायकोला सांगणार. जुन्याचा विषय तो पैसे मागत नसेल अशा एखाद्या साध्या दिवशी काढावा. त्याची बायको, मुलं, आई समोर असताना तर नाहीच, आणि लग्नकार्यात किंवा गणपतीतही नाही. दोघांनी चहाला बाहेर बसावं. कागदावर पाच रकमा लिहून त्याच्यासमोर ठेवाव्यात आणि त्याला दुरुस्त करू द्यावं. मग दोनच रस्ते उरतात. एक, सगळं सोडून देणं, पण मोठ्याने, स्पष्ट शब्दांत: “हे मी सोडले. पुन्हा कधी काढणार नाही.” असं म्हणायचं तर मग खरंच कधी काढायचं नाही, भांडणातसुद्धा नाही. दुसरा रस्ता, त्याला झेपेल असा बारीक हप्ता, महिन्याला हजार, बँकेतून ठरलेल्या तारखेला आपोआप जाणारा. “जमेल तसे दे” हा तिसरा रस्ता वाटतो खरा, पण तो पुन्हा जुन्याच जागी आणून सोडतो.

कायद्याचं इथे थोडं माहीत असावं, वापरण्यासाठी नाही तर भ्रमात न राहण्यासाठी. 1963 च्या मुदत कायद्यानुसार उसने दिलेल्या पैशांसाठी दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या मुदतीत घेणाऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर तिथून पुढे नव्याने मुदत मोजली जाते. म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वीचे तोंडी दिलेले 40 हजार कायद्याच्या लेखी जवळजवळ गेल्यातच जमा असतात. “कधीतरी वाटणीत वळते करू” हा दिलासाही कच्चा आहे. भावंडांमधली तोंडी उसनवारी वाटणीत आपोआप वजा होत नाही, सगळ्या वारसांनी ते मान्य करून वाटणीपत्रात लिहिलं तरच होते. आणखी एक: 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्जाऊ घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्यामुळे मोठी रक्कम द्यायचीच झाली तर बँकेतूनच द्यावी.

आता नव्या मागणीकडे येऊ. आपल्या उदाहरणातल्या भावाचा फोन येतो. वहिनीचं मंगळसूत्र आणि पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण आहेत, वर्ष झालं, लिलावाची नोटीस आली आहे, आठवड्यात 60 हजार हवेत. ही मागणी सगळ्यात अवघड प्रकारची आहे, कारण वहिनीच्या गळ्यातलं जाणार म्हटल्यावर कुठल्या बहिणीचा जीव कासावीस होणार नाही? पण इथेच नोटीस हातात घेऊन वाचावी. मुद्दल 50 हजार, वर्षाचं व्याज 8 हजार. सोनेतारणात बऱ्याच ठिकाणी साचलेलं व्याज भरून कर्जाचं नूतनीकरण करून घेता येतं. म्हणजे लिलाव थांबवायला 60 हजार लागतातच असं नाही, कदाचित 8 हजारांत काम भागेल. पाटल्या स्वतः विकून त्यातून कर्ज फेडावं आणि मंगळसूत्र सोडवावं, हाही मार्ग असतो, आणि लिलावापेक्षा त्यात भाव बरा मिळण्याची शक्यता जास्त. आणि समजा लिलाव झालाच, तरी देणं वळतं करून वर उरलेले पैसे कर्जदाराचेच असतात, ते संस्थेकडे मागायचे असतात. हे बऱ्याच कर्जदारांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे समजून घेतल्यावर नकार आणि मदत एकाच दमात सांगायची. दोन फोनांमध्ये तोडायची नाही, नाहीतर पुन्हा ‘आधी नाही, मग हो’ होतं. बहीण असं म्हणू शकते:

“हे बघ, उसने पैसे मी यापुढे देणार नाही. हे मी आधीच ठरवलंय, आजच्या तुझ्या अडचणीमुळे नाही. पण नोटीस घेऊन ये, शनिवारी मला सुट्टी आहे, आपण दोघं पतसंस्थेत जाऊ. व्याज भरून मुदत मिळते का विचारू. मिळत असेल तर त्यातले पाच हजार मी तिथल्या काउंटरवर भरीन. ते परत नकोत. तीन तू आण.”

या बोलण्यात “आत्ता नाहीत” कुठेच नाही, नवऱ्याचं नाव नाही, मागच्या पैशांचा उल्लेख नाही. सबब दिली की ती खोडता येते, ठरवलेलं असेल तर खोडायला काही राहत नाही. पैसे भावाच्या हातात न जाता थेट काउंटरवर जातात. शाळेची फी असेल तर शाळेत, औषधं असतील तर मेडिकलवर, हीच रीत ठेवावी. दवाखान्याची मोठी अडचण असेल तर पैशांच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते विचारून घ्यावं. पुष्कळदा तिथे घालवलेला अर्धा तास बहिणीच्या पन्नास हजारांहून जास्त उपयोगी पडतो.

भाऊ नोटीस घेऊन आला, तर संकट खरं होतं. “नोटीस कशाला, तू फक्त पाठव ना” असं म्हणाला, तर पैसे दुसरीकडे जाणार होते असं समजायला हरकत नाही. कारण दर वेळी वेगळं पण मागण्यांमधलं अंतर तेवढंच, रकमा अशा की त्या दुसऱ्या कुणाच्या तरी हप्त्याशी जुळतात, आणि सगळं आज संध्याकाळपर्यंतच हवं, या खुणा दिसल्या की मामला तात्पुरत्या अडचणीचा राहिलेला नसतो. तो एका कर्जातून दुसरं कर्ज फेडतोय. अशा वेळी त्याच्याबरोबर बसून सगळ्या देण्यांची एक यादी करून देणं हीच मोठी मदत ठरते. कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपवाल्याचे लोक बहिणीलाही फोन करून धमकावू लागले असतील, तर घाबरून पैसे भरू नयेत. डिजिटल कर्जाबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲपला कर्जदाराच्या फोनमधली संपर्कयादी बघायची मुभाच नाही. पोलिसांत तक्रार द्यावी.

आणि दारू किंवा ऑनलाइन जुगार मागे असेल, तर वर सांगितलेला 12 हजारांचा आकडाही शून्यावर आणावा लागतो. तिथे काउंटरवर भरलेली फीसुद्धा त्याच्या हातातले तेवढे पैसे मोकळे करते. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रं रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात. भाऊ यायला तयार नसला तरी बहिणीने एकटीने जाऊन बोलावं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

एका गोष्टीत मात्र आकडा, मर्यादा, काहीच ठेवू नये. ती म्हणजे जामीनकी. “पैसे नको देऊस, नुसती सही कर” ही मागणी स्वस्त वाटते आणि सगळ्यात महाग असते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी भावाकडून वसुली करा, मग माझ्याकडे या, असं सहसा म्हणता येत नाही. पतसंस्था वसुली दाखला मिळवून थेट जामीनदाराच्या मागे लागू शकते, नोकरदार असेल तर पगारातून कपात सुरू होऊ शकते. भावाने हप्ते बुडवले की बहिणीचाही सिबिल स्कोअर खाली येतो आणि उद्या मुलाचं शैक्षणिक कर्ज अडतं. आपल्या नावावर पर्सनल लोन काढून देणं किंवा आपलं सोनं त्याच्यासाठी तारण ठेवणं हीही त्याच जातीची गोष्ट. यासाठी एकच वाक्य पुरतं: “मी कुणालाच जामीन राहत नाही.” मग खरंच कुणालाच, दिरालाही नाही, राहू नये.

नकारानंतरचे काही आठवडे कठीण जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं. मागणी कमी व्हायच्या आधी एकदा वाढते. फोन वाढतात, वहिनीचा मेसेज येतो, मग आई. “तुझ्याकडे आहे, दे की त्याला. पोरगं रात्री जेवलं नाही.” आईशी वाद घालू नये. तिला हिशेब दाखवू नये, भावाच्या तक्रारी तर मुळीच सांगू नयेत. “आई, मी त्याच्याशी बोलले आहे, ते आमचं ठरलंय. तुझ्या औषधांचं काय झालं?” एवढं पुरे. दर वेळी तेच शब्द, त्याच आवाजात. नवे मुद्दे काढले की नवी चर्चा सुरू होते. दुसरी भावंडं असतील तर त्यांना एवढंच सांगून ठेवावं की मी ठरवलंय. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. सगळ्यांनी मिळून त्याला वाळीत टाकल्यासारखं होता कामा नये.

आणि याच आठवड्यांत नातं राखायचं काम करावं लागतं, ते आपोआप होत नाही. नकार दिल्यावर चार-पाच दिवसांत बहिणीने स्वतः फोन करावा, दुसऱ्याच कामासाठी. भाचीचा निकाल काय लागला, गावाकडे पाऊस कसा आहे, मोबाइलचा चार्जर चालत नाही तर काय करू. शेवटचं विशेष उपयोगी, कारण त्यात भावाला मागणारा न राहता देणारा होता येतं. वर्षानुवर्षं घेत राहिलेल्या माणसाला घरात आपली पत गेल्याचं आतून कळत असतं. त्याच्याकडून काहीतरी घ्यावं: त्याचं कसब, त्याचा वेळ, आईला नेण्या-आणण्याचं काम, आणि ते केल्याबद्दल चारचौघांत त्याचं नाव घ्यावं. भाचीला वाढदिवसाला जे देत आलात ते द्यावं, तिच्या हातात. त्याच्या घरी जेवायला गेलात तर नव्या टीव्हीकडे बघून बोलू नये. तुम्ही 1 लाख 5 हजार सोडले असतील तर तो टीव्ही आता तुमच्या पैशांचा नाही.

तो बोलायचाच बंद झाला तर? काही भाऊ होतात. सहा महिने, कधी वर्ष. सणाला फोन करत राहावं, उचलला नाही तर मेसेज टाकावा, त्यात पैशांचं अक्षर नको. अबोला मोडावा म्हणून पैसे पाठवू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी अबोला हेच हत्यार होतं.

आपल्या उदाहरणातल्या बहिणीने जुन्यासाठी हप्त्याचा रस्ता निवडला असं समजू. पाच महिने हजार रुपये येतात, सहाव्या महिन्यात खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत जातो. तिने एकदाच विचारायचं, “या महिन्याचा राहिला, पुढे जमणार आहे का, की बंद करू?” जमत नाही म्हणाला तर उरलेले 1 लाख त्याच फोनवर सोडून द्यायचे आणि तसं त्याला सांगायचं. उसने न देण्याचं ठरलंय ते मात्र तसंच राहतं. पुढच्या वर्षीचा 12 हजारांचा आकडाही तिने घरी बसून नव्याने ठरवायचा असतो, कारण मुलगा तोवर बारावीला गेलेला असतो.